चारशे औंसांची वीट आणि किलोचा बार

या मालिकेत आपण नाण्यांबद्दल आणि नोटांबद्दल बरंच बोललो. आज ज्या सोन्याच्या जोरावर त्या नोटा उभ्या होत्या, त्या सोन्याकडे वळू या. तेसुद्धा दागिन्यांच्या सोन्याकडे नाही, तर बँकांच्या तळघरात पडून असलेल्या विटांकडे.

सिनेमात आपण नेहमी बघतो, चोर पिशवीत दहा-वीस सोन्याच्या विटा कोंबतो आणि भिंतीवरून उडी मारून पळतो. आता ही वीट जर खरी घाऊक बाजारातली असेल, तर एकेका विटेचं वजन साडेबारा किलोच्या आसपास असतं. दहा विटा म्हणजे सव्वाशे किलो. पळणं सोडाच, ती पिशवी जमिनीवरून उचलून दाखवा. तेव्हा आजचा प्रश्न साधा आहे. सोन्यासारखी महाग वस्तू, जी आपण ग्रॅमवर घेतो, तिची वीट इतकी मोठी का? आणि नेमकी चारशे औंसांचीच का? मग मुंबईच्या झवेरी बाजारात जो किलोचा बार चालतो, तो कुठून आला?

आधी वीट नीट बघून घेऊ. लंडनच्या बाजारात जी वीट देणं फेडायला चालते, तिला 'गुड डिलिव्हरी' बार म्हणतात. मी तुम्हाला सोनं देणं लागतो, मी ही वीट आणून दिली, आणि तुम्हाला ती नाकारता येत नाही, इतकाच त्या नावाचा अर्थ. लंडन बुलियन मार्केट असोसिएशन ही संस्था त्याचे नियम ठरवते. नियम असा की विटेत शुद्ध सोनं कमीत कमी ३५० ट्रॉय औंस आणि जास्तीत जास्त ४३० ट्रॉय औंस असावं. शुद्धता हजारात किमान ९९५. विटेवर चार गोष्टी ठोकलेल्या असाव्यात: अनुक्रमांक, शुद्धीकरण कारखान्याचा शिक्का, शुद्धतेचा आकडा आणि तयार झाल्याचं वर्ष. ट्रॉय औंस म्हणजे आपल्या हिशेबात ३१.१०३५ ग्रॅम. म्हणजे चारशे औंस झाले १२ किलो ४४१ ग्रॅम.

इथे बघा, ३५० ते ४३० ही केवढी ढिली मर्यादा आहे! सराफाकडे आपण दहा ग्रॅमची चीप मागितली आणि त्याने पावणेनऊ ग्रॅमची पुढे केली, तर आपण दुकान डोक्यावर घेऊ. लंडनला मात्र हे चालतं, कारण तिथे विटेची किंमत 'एक वीट' म्हणून लागतच नाही. प्रत्येक विटेचं वजन वेगळं, शुद्धता वेगळी, आणि हिशेबही वेगळा. वितळलेलं सोनं साच्यात ओततात, थंड होऊ देतात, मग जे काही वजन भरेल ते लिहून घेतात. बरोबर चारशे औंस भरावं म्हणून कापाकापी, घासाघीस करत बसत नाहीत. तेवढ्या मेहनतीपेक्षा वजन करून लिहून ठेवणं स्वस्त पडतं.

एक हिशेब करून बघू. समजा एक वीट तराजूवर ४०१.७७५ औंस भरली. शुद्धता ९९५.८. मग त्यातलं शुद्ध सोनं काढायला ४०१.७७५ ला ०.९९५८ ने गुणायचं. उत्तर येतं ४००.०८८ औंस. खरेदीदार पैसे देणार ते या शेवटच्या आकड्याचे. उरलेल्या पावणेदोन औंसात चांदी असेल, तांबं असेल, त्याचे पैसे नाहीत. आता शेजारची वीट घ्या. तिचं एकूण वजन अगदी तेवढंच, पण शुद्धता ९९९.९. तिच्यात शुद्ध सोनं ४०१.७३५ औंस निघेल. दोन विटा दिसायला सारख्या, वजनाला सारख्या, आणि आतल्या सोन्यात फरक पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त! म्हणून लंडनला विटा कधी नुसत्या मोजत नाहीत. प्रत्येक विटेबरोबर वजनाची यादी असते, आणि खरा व्यवहार त्या यादीवर होतो.

वजन करण्यातही एक जुनी रीत अजून टिकून आहे. वजन औंसाच्या चाळिसाव्या भागापर्यंत, म्हणजे ०.०२५ औंसापर्यंत घेतात आणि त्याखालचं जे काही असेल ते सोडून देतात. वर कधीच ओढत नाहीत. हे सोडलेलं सोनं जास्तीत जास्त पाऊण ग्रॅमच्या आसपास असतं, आणि ते घेणाऱ्याच्या पदरात पडतं. आपल्याकडे भाजीवाली वरून मूठभर कोथिंबीर टाकते ना, तसं म्हणा. फरक इतकाच की इथे तो नियम आहे.

मग आकार एवढाच का? पहिलं कारण अगदी हमाली आहे. साडेबारा किलो ओझं एक माणूस दोन्ही हातांनी उचलू शकतो, दिवसभर उचलू शकतो. विटेच्या बाजू थोड्या तिरक्या असतात, त्यामुळे ती साच्यातून सहज सुटते आणि बोटांना पकडही मिळते. वीट पंचवीस किलोची केली तर दोन माणसं लागतील. दुसरं कारण तपासणीचं. शुद्धता तपासायची म्हणजे नमुना काढा, तो भट्टीत घाला, उरलेल्या सोन्याचं वजन करा. एवढा उपद्व्याप चारशे औंसांच्या विटेला जेवढा, तेवढाच चार औंसांच्या तुकड्याला. साहजिकच वीट जितकी मोठी, तितका औंसामागे तपासणीचा खर्च कमी. तिसरं कारण मोजदादीचं. बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात आज चार लाखांच्या आसपास विटा आहेत. एकेका फळीवर ऐंशी विटा रचल्या की सुमारे एक टन होतो. हेच सोनं किलोच्या तुकड्यांत ठेवलं असतं तर पन्नास लाखांच्या आसपास तुकडे झाले असते, आणि तितकेच क्रमांक.

आणि ही ९९५ ची अट? तिच्यामागे रसायनशास्त्र आहे. १८६७ च्या सुमाराला सिडनीच्या टांकसाळीतल्या मिलर नावाच्या माणसाने वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन वायू सोडायची पद्धत काढली. चांदी आणि इतर धातू क्लोरीनशी मिळून वर येतात, सोनं खाली राहतं. काम झटपट होतं, पण शुद्धता साधारण ९९५-९९६ पर्यंतच जाते. त्यापुढे ९९९.९ गाठायचं तर विजेच्या साहाय्याने, आम्लाच्या टाकीत बसून हळूहळू करावं लागतं, आणि तितके दिवस सोनं अडकून पडतं. तळघरात पडून राहणाऱ्या विटेसाठी हा शेवटचा खर्च कोण करणार? म्हणून ९९५ ला भागतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा, किलोच्या बारापाशी आपल्याला परत लागणार आहे.

इथवर सगळं सोयीचं आणि खर्चाचं बोललो. पण चारशे हा आकडा कायद्यात गेला तो वेगळ्या हेतूने, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जाऊ.

फ्रान्सबरोबरच्या युद्धाच्या काळात, १७९७ साली, बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. युद्ध संपलं, आता परत सोनं द्यायला लागायचं, पण कसं? १८१६ साली डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने सुचवलं की नाणी देऊच नका, लगडी द्या. त्याचं म्हणणं असं की नोटेची किंमत टिकवायला कुणीतरी बँकेत जाऊन सोनं मागू शकतं एवढी खात्री पुरते. ते मागणारे व्यापारी असले तरी काम भागतं. प्रत्येक माणसाच्या खिशात सोन्याचं नाणं कशाला हवं? संसदेने १८१९ च्या कायद्यात हे मान्य केलं. १८२० पासून नोटा घेऊन गेलं तर बँक सोनं देई, पण कमीत कमी साठ औंसांच्या लगडीत. साठ औंस म्हणजे तेव्हाचे अडीचशे पौंडांच्या आत-बाहेर. लोक त्या लगडींना गमतीने 'रिकार्डो' म्हणत. मागायला फारसं कुणी आलं नाही. १८२१ मध्ये बँकेने परत नाणी द्यायला सुरुवात केली आणि ती कल्पना शंभर वर्षं बासनात गेली.

ती बाहेर निघाली पहिल्या महायुद्धानंतर. १९२५ साली चर्चिल अर्थमंत्री होते आणि ब्रिटन परत सुवर्णमानावर आलं. पण सोनं पूर्वीइतकं उरलं नव्हतं. म्हणून त्या वर्षीच्या कायद्यात असं घातलं की बँक नोटेच्या बदल्यात सोन्याचं नाणं देणार नाही, फक्त लगडी विकेल, आणि त्याही 'सुमारे चारशे ट्रॉय औंस शुद्ध सोन्याच्या'. चारशेचा आकडा कायद्याच्या पुस्तकात आला तो असा. त्या वेळचा भाव धरला तर एका विटेला सुमारे १,७०० पौंड पडत. साध्या कामगाराची ती कित्येक वर्षांची मजुरी झाली.

म्हणजे काय झालं बघा. कागदावर प्रत्येक माणसाला नोटेच्या बदल्यात सोनं मागायचा हक्क होता. कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. फक्त खिडकी इतक्या उंचावर बसवली की बँका आणि मोठे दलाल सोडून तिथवर कुणाचा हात पोचू नये. लंडनमध्ये वीट त्या मापाची चालत होतीच. कायद्याने तिचाच उंबरठा केला. हा सुवर्णमान १९३१ च्या सप्टेंबरात संपला. विटेचं माप मात्र राहिलं.

आता हेच माप मुंबईला कसं आलं ते ऐका. १९२५-२६ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करायला हिल्टन यंग आयोग नेमला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या आयोगापुढे साक्ष दिली हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आयोगाच्या शिफारशींनंतर १९२७ चा चलन कायदा झाला. त्यात सोन्याचा सरकारी भाव ठरला, तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै. या भावाने सरकार सोनं विकत घेईल, पण लगड किमान ४० तोळ्यांची हवी. आणि सरकार याच भावाने देईल, पण मागणी किमान १,०६५ तोळ्यांची हवी. त्यातही सोनं द्यायचं की त्या किमतीचे लंडनला मिळणारे पौंड द्यायचे, हे सरकारच ठरवणार.

१,०६५ हा आकडा विचित्र वाटतो ना? तोळा म्हणजे ०.३७५ औंस. गुणून बघा, ३९९ औंसांच्या थोडं वर जातं. ही लंडनची वीटच आहे, फक्त तोळ्यांत लिहिलेली. आता रुपयांत बघू. सरकारला सोनं विकायचं तर सुमारे ८५० रुपयांचं सोनं पुरे. सरकारकडून सोनं मागायचं तर २२,६२० रुपये आणा. आत येताना दार रुंद आणि बाहेर जाताना अरुंद. त्या काळी ज्याच्याकडे साडेबावीस हजार रुपये रोख असतील असा माणूस आख्ख्या तालुक्यात शोधावा लागला असता. रुपया सोन्याशी बांधलेला आहे असं म्हणायचं, पण ती गाठ सोडून बघायचा अधिकार मूठभरांना. आमच्या मते विटेच्या वजनात किती राजकारण मावतं, हे याहून स्पष्ट दाखवणारं उदाहरण दुसरं नाही.

पण लोकांना सोनं हवंच होतं, आणि छोट्या तुकड्यांत हवं होतं. भारतासाठी आणि आखातासाठी विलायतेतले कारखाने दहा तोळ्यांची बिस्किटं पाडत. ११६.६४ ग्रॅमचं, गोल कडांचं बिस्कीट. दुबईहून मुंबईच्या किनाऱ्यावर चोरून येणारं सोनं ते हेच. जाकिटाच्या कप्प्यांत बसेल असा त्याचा आकार, आणि कडा गोल असल्याने कापडही फाटत नसे. बहुधा त्यावर अनुक्रमांक नसे, आणि कुठलं बिस्कीट कुठून आलं हे सांगता न येणं त्या धंद्याला सोयीचंच होतं.

आयातीचे निर्बंध सैल झाले आणि बिस्किटाची जागा हळूहळू किलोच्या बाराने घेतली. हा बार चारशे औंसांच्या विटेचं लहान भावंड नाही, त्याची रीतच वेगळी. पहिली गोष्ट, त्याचं वजन ठरलेलं असतं. हजार ग्रॅम म्हणजे हजार, कमी चालणार नाही, म्हणून कारखानदार केसभर जास्तच घालतो. त्यामुळे तो नगावर मोजता येतो, वजनाची यादी लागत नाही. दुसरी गोष्ट, त्याची शुद्धता बहुतेक वेळा ९९९.९ असते, कारण तो लवकरच वितळून दागिन्यात जाणार असतो. ९१६ चा दागिना करणाऱ्या कारागिराला मिश्रण नेमकं धरायचं तर सुरुवात चोख सोन्यापासून केलेली बरी. मात्र ९९५ चा किलो बारही आपल्या बाजारात चालतो. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर सोन्याचा मोठा सौदा एक किलोचा असतो, भाव दहा ग्रॅमचा बोलतात आणि पाया ९९५ शुद्धतेचा धरतात. म्हणून बार घेताना टंच कोणता हे विचारल्याशिवाय भावाला अर्थ नाही. तिसरी गोष्ट, किलोवर सोन्याच्या किमतीपेक्षा थोडं जास्त मोजावं लागतं. ते शुद्धीकरणाचे, घडणावळीचे आणि वाहतुकीचे पैसे.

आता विटेचा किलो होतो कसा? लंडनहून वीट स्वित्झर्लंडला जाते. तिथल्या तिचिनो प्रांतात, इटलीच्या सीमेला लागून, जगातले तीन मोठे कारखाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. वीट वितळवतात, ९९५ ची ९९९.९ करतात, किलोचे बार पाडतात. एका चारशे औंसांच्या विटेतून बारा बार निघतात आणि चारशेहून थोडे जास्त ग्रॅम उरतात, ते पुढच्या भट्टीत.

हा दुवा किती नाजूक आहे ते २०२० च्या मार्चमध्ये दिसलं. न्यूयॉर्कच्या कोमेक्स बाजारातला सोन्याचा सौदा शंभर औंसांचा. तो पुरा करायला शंभर औंसांचा एक बार द्यायचा किंवा किलोचे तीन बार. तीन किलो म्हणजे ९६ औंसांच्या थोडं वर, आणि पाच टक्क्यांची सूट असल्याने ते चालतं. चारशे औंसांची वीट मात्र चालत नव्हती. एरवी याची कुणाला फिकीर नसते, कारण विटेचे बार करून विमानाने पाठवले की झालं. पण करोनामुळे विमानं थांबली, आणि त्याच आठवड्यात तिचिनोतले तिन्ही कारखाने बंद ठेवावे लागले. लंडनच्या तळघरात हजारो टन सोनं पडलेलं, आणि न्यूयॉर्कच्या लोकांना धास्ती की आपल्याला द्यायला सोनं मिळणार नाही! २४ मार्चला दोन्हीकडच्या भावात औंसामागे ७० डॉलरच्या आसपास फरक पडला, जो एरवी एक-दोन डॉलरचा असतो.

खिशात पाचशेची नोट आहे, रिक्षाचे तीस रुपये द्यायचेत आणि रिक्षावाल्याकडे सुटे नाहीत, तशी ही गत. आपण गरीब नसतो, पण त्या क्षणी आपली नोट कामाची नसते. सोनं कमी नव्हतं, सुट्टं सोनं कमी होतं. शेवटी बाजाराने घाईघाईने नवा सौदा जाहीर केला, ज्यात चारशे औंसांची वीटही चालेल.

किलोचा बार हातोहात फिरतो, हा त्याचा गुण आणि तीच त्याची पंचाईत. लंडनची वीट एका मान्य तळघरातून दुसऱ्या मान्य तळघरात जाते. मध्येच कुणी ती घरी नेली तर ती साखळी तुटते, आणि परत आणायची म्हटल्यास नव्याने तपासणी करावी लागते. किलोचा बार दुकानांतून, देशांतून फिरून परत बँकेत येऊ शकतो. २०१९ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली की नामांकित स्विस कारखान्यांचे खोटे शिक्के मारलेले किमान हजारभर किलो बार बाजारात सापडले आहेत. आतलं सोनं बहुतेक खरंच होतं, शुद्धताही चांगली. खोटा होता तो शिक्का. खाणीचा पत्ता लपवून सोनं बाजारात घुसवायला याहून सोपी वाट नाही. असा बार कसोटीवर घासून किंवा भट्टीत घालून काही कळत नाही. शिक्क्याची ठेवण आणि क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडून बघितला, तरच चोरी सापडते. आत टंगस्टन भरलेला बार ही याच्या उलट तऱ्हा. टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की वजन आणि माप दोन्ही जुळतं. तिथे ध्वनिलहरींनी आतून तपासावं लागतं.

शेवटी एक प्रश्न, जो या विषयावर बोललो की दर वेळी समोरून येतो. भारताचं सोनं कशात आहे? रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये ब्रिटनमधून शंभर टन सोनं परत आणलं, ते आपण वाचलं असेल. चारशे औंसांच्या हिशेबाने शंभर टन म्हणजे आठ हजारांच्या आसपास विटा. त्या लंडनला असताना नुसत्या खात्यावरच्या नोंदीने विकता किंवा गहाण ठेवता येत होत्या. आता त्या आपल्या ताब्यात आहेत, हे समाधान मोठं आहे. पण उद्या लंडनच्या बाजारात वापरायच्या झाल्या तर परत विमानाने न्याव्या लागतील, आणि यादीतल्या क्रमांकाशी पुन्हा ताडून घ्याव्या लागतील. १९२७ साली मुंबईच्या माणसाला १,०६५ तोळ्यांचा उंबरठा होता. आज देशाच्या बँकेपुढे आहे तो त्याच मापाच्या विटेचा आणि त्याच लंडनच्या यादीचा नियम.

इथे थांबू. पुढच्या वेळी आपण चांदीच्या पाटांबद्दल बोलू.